रसाचा कारखाना आणि संत्र्याची बाग
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गेल्या वर्षी आपल्या ज्ञातीतील एका कुटुंबाने माझ्यापुढे एक प्रश्न ठेवला. त्यांचा विदर्भात संत्र्याचा रस काढण्याचा कारखाना आहे. कारखाना बरा चालतो, परंतु हंगामात फळासाठी रोज व्यापाऱ्यांच्या दारी जावे लागते. एखाद्या वर्षी भाव चढतो, एखाद्या वर्षी माल येतच नाही आणि यंत्रे थंड पडून राहतात. तेव्हा घरातील वडील मंडळींच्या मनात आले की, आपण स्वतःच बागा घ्याव्यात. फळ आपले, कारखाना आपला, मग मध्ये कोणाची मिजास सोसावयास नको. कर्जाची बोलणीही सुरू झाली होती. हा विचार या सभेतील अनेकांच्या मनात कोणत्या ना कोणत्या रूपाने असणार. कोणी डाळीची गिरणी चालवितो, कोणी पापड-लोणच्याचा धंदा करतो. कच्च्या मालाचा धनी आपणच व्हावे असे प्रत्येकास कधी तरी वाटतेच. म्हणून त्या कुटुंबाच्या संमतीने, त्यांचे नाव न घेता, तो हिशोब मी आज आपल्यापुढे मांडीत आहे. यातील रुपयांचे आकडे सोयीसाठी गोल धरले आहेत. ज्याने त्याने आपल्या गावचे आकडे त्या जागी घालून पाहावेत.

प्रथम कारखान्याची भूक किती, ते पाहू. हा कारखाना दिवसाला ३० टन फळ घेतो. नागपुरी संत्र्याला दोन बहार असतात. जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा आंबिया बहार ऑक्टोबर ते डिसेंबरात उतरतो. पावसाळ्याच्या तोंडी फुलणारा मृग बहार फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास काढणीस येतो. दोन्ही मिळून कामाचे १५० दिवस धरले, तर वर्षाला ४,५०० टन फळ हवे. आता बागेकडे वळा. सहा मीटर बाय सहा मीटर अंतराने लावलेल्या बागेत एकरी सुमारे ११० झाडे बसतात, आणि बरी-वाईट वर्षे एकत्र धरता एकरी चार टन फळ हे साधारण उत्पन्न समजावे. म्हणजे साऱ्या कारखान्याचे पोट स्वतःच्या बागांतून भरावयाचे तर अकराशे एकरांहून अधिक जमीन हवी.

ही गोष्ट आपल्या राज्यात होणे नाही. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने एका कुटुंबास जमिनीच्या प्रकारानुसार १८ पासून ५४ एकरांपर्यंतच जमीन ठेवता येते, आणि त्यात वडिलोपार्जित जमीनही मोजली जाते. कंपनीच्या नावाने घेऊ म्हटले, तर शेतकरी नसलेल्यास शेतजमीन विकण्यावर कूळकायद्याचा निर्बंध आहे. कारखान्याची इमारत बांधण्यासाठी त्यातून वाट निघते. बागेसाठी निघत नाही. जुन्या मंडळींना खाजगी साखर कारखान्यांची कथा स्मरत असेल. अहमदनगर जिल्ह्यात आणि आसपास त्या कारखान्यांनी हजारो एकर जमीन खंडाने घेऊन स्वतःचे उसाचे मळे उभे केले होते. कायदा आला, जमिनी सरकारकडे गेल्या आणि १९६३ साली त्यांसाठी शेती महामंडळ स्थापन झाले. मळ्यांवर उभारलेला कारखाना मळे गेल्यावर कसा लंगडतो, याचे इतके ठळक उदाहरण दुसरे नाही.

तेव्हा प्रश्न 'सर्व बागा घ्याव्या काय' असा नसून 'मिळतील तेवढ्या घ्याव्या काय' असा उरतो. आपण सढळ हाताने ५४ एकर धरू. त्यांतून २१६ टन फळ येईल. दिवसाला ३० टन या मानाने ते कारखान्यास जेमतेम सात दिवस पुरेल. दीडशे दिवसांपैकी सात! हा आकडा मी त्या कुटुंबापुढे मांडला तेव्हा बैठकीत थोडा वेळ कोणी बोलले नाही. नंतर धाकटे चिरंजीव म्हणाले, "सात तर सात, अडीनडीचे सात दिवस तरी आपल्या हातचे होतील." हे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते. कारखाना बंद राहिला तरी व्याज, पगार, विजेचा ठराविक आकार हे थांबत नाहीत. त्यांच्या कारखान्यास असा बंद दिवस सुमारे दोन लाखांना पडतो. सात दिवसांचे चौदा लाख झाले.

परंतु बागेतून उतरणारे सारे फळ एकसारखे नसते, आणि माझ्या मते या साऱ्या प्रकरणाची किल्ली येथेच आहे. चांगल्या आकाराचे, तजेलदार सालीचे संत्रे खाण्यासाठी विकले जाते. ते पेटीत बसते आणि दूरच्या बाजारात जाते. उरते ते लहान फळ, ज्यास आमच्याकडे चुरी म्हणतात, आणि डागाळलेले, साल खरखरीत झालेले फळ. रसाला सालीचे रूप लागत नाही, म्हणून कारखाना हे उरलेले फळ घेतो. कारखान्याला फळ स्वस्त मिळते, कारण ते दुसऱ्या कोणाला नको असते.

आता बाग आपली झाली असे समजा. एकरी चार टनांपैकी तीन हिस्से चुरी आणि सात हिस्से खाण्याचा माल निघाला, खाण्याच्या मालाला किलोस ३० रुपये आणि चुरीला १३ रुपये भाव आहे असे धरू. ५४ एकरांतून चुरी निघेल केवळ ६५ टन, म्हणजे दोन दिवसांची भरती. उरलेले १५१ टन उत्तम फळ आपल्यासमोर ढीग होऊन पडेल. ते बाजारात विकावे, तर आपण रसवाले न राहता संत्र्याचे व्यापारी झालो; पेट्या, वाहतूक, अडत आणि दिल्ली-कलकत्त्याचे भाव यांच्या मागे धावणे आले. ते गाळात घालावे, तर ३० रुपयांचे फळ १३ रुपयांच्या कामी लावले. किलोमागे १७ रुपये, म्हणजे एकूण पंचवीस लाखांवर पाणी सोडले. आणि त्यातून कारखाना किती दिवस चालला? पाच. पाच बंद दिवसांचे दहा लाख वाचविण्यासाठी पंचवीस लाख!

येथे पुष्कळ शहाणी माणसे चकतात. 'फळ घरचे आहे, ते आपल्याला लागवडीच्या खर्चातच पडते' असे ती म्हणतात. एकरी मशागत, खते, फवारणी, पाणी, राखण यांस ८०,००० रुपये धरले, तर चार टनांमागे किलोस २० रुपये खर्च येतो खरा. परंतु जे फळ बाजारात तीसला जाते, ते वापरणाऱ्यास तीसलाच पडते, मग ते कोणाच्याही झाडावरचे असो. म्हणून ज्यांची बाग आणि कारखाना दोन्ही आहेत त्यांना माझे सांगणे असते की, दोन खतावण्या ठेवा. बागेने कारखान्याला फळ बाजारभावाने विकल्याचे लिहा. मग वर्षअखेरीस कारखाना तोट्यात आणि बाग नफ्यात दिसली, तर समजावे की बाग कारखान्याला पोसते आहे. हे दुखणे एकाच वहीत दिसत नाही; दहा वर्षे झाकून राहते आणि बाग म्हातारी झाली म्हणजे एकदम उघडे पडते.

अजून जमिनीच्या किमतीचा विचार आपण केलेलाच नाही. एकरी बारा लाख आणि शेकडा आठ व्याज धरले, तर एकरास वर्षाला ९६,००० रुपये नुसत्या व्याजाचे होतात. म्हणजे लागवडीच्या खर्चाहून व्याज मोठे! उलट सारे फळ विकून एकरी लाखाच्या आतच रक्कम येते. त्यातून ८०,००० वजा केले म्हणजे हाती २०,००० रुपये राहतात. ९६,००० चे व्याज त्यातून कसे भागावे? शेजारचा बागाईतदार हे गणित जमवितो, कारण त्याची जमीन वाडवडिलांची आहे. तो तिचे व्याज धरीत नाही आणि घरच्या माणसांचे श्रमही पुरते मोजीत नाही. त्याच्याशी आपण कर्जाऊ पैशाने स्पर्धा करावयास निघालो होतो. जमिनीचे भाव वाढतील, असे कोणी म्हणेल. वाढतीलही. परंतु तो जमिनीचा व्यवहार झाला. त्याला रसाच्या धंद्याचे नाव देऊ नये. शिवाय नवी बाग पाचव्या वर्षापर्यंत फारसे काही देत नाही, ही गोष्ट मी या हिशोबात मुद्दामच सोडून दिली आहे.

यावरून बाग घेणे सर्वत्र चुकीचे, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. ब्राझीलच्या साओ पावलो प्रांतात जगातील मोठमोठे रसाचे कारखाने आहेत आणि त्यांपैकी कित्येकांच्या स्वतःच्या विस्तीर्ण बागा आहेत. तेथे जमीन हजारो हेक्टरांनी एकसलग मिळते, आणि तेथील संत्र्यांचा फार मोठा भाग मुळात रसासाठीच लावला जातो. चांगले फळ गाळात गेले असे तेथे म्हणताच येत नाही, कारण गाळ हाच त्याचा बाजार. आणखीही एक कारण आहे. २००४ साली तेथे 'ग्रीनिंग' नावाचा रोग आढळला. एक बारीक कीड, सिट्रस सिला, तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. रोगी झाड बरे होत नाही. ते उपटावे लागते आणि कीड सर्वत्र एकदम मारावी लागते. शेजाऱ्याने फवारले नाही तर आपले फवारणे फुकट. अशा वेळी मोठ्या सलग बागेचा एकच धनी असणे उपयोगी पडते. एक हुकूम निघाला की हजार हेक्टरांवर अंमल होतो.

पण याच रोगाची दुसरी बाजू अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात दिसली. तेथे २००५ साली ग्रीनिंग आढळला. त्यापूर्वी, २००३-०४ च्या हंगामात, तेथे संत्र्याच्या २४ कोटींहून अधिक पेट्या निघाल्या होत्या. २०२२-२३ मध्ये त्या दोन कोटींच्याही खाली आल्या. त्याला रोगाबरोबर वादळही कारण झाले. अलिको नावाची तेथील जुनी व मोठी बागाईतदार कंपनी. तिने जानेवारी २०२५ मध्ये संत्र्याच्या धंद्यातून अंग काढून घेण्याचे जाहीर केले. ट्रॉपिकाना ही रसाची प्रसिद्ध पेढी प्रामुख्याने बागाईतदारांचेच फळ घेत आली. फ्लोरिडाचे फळ आटले तेव्हा बाहेरच्या रसाकडे वळण्याची मोकळीक तिला होती. झाडे ज्याची, त्याला अशी पाठ फिरविता येत नाही. विदर्भात कारण निराळे, परिणाम तोच. वरुड-मोर्शीकडे विहिरी वर्षानुवर्षे खोल जात आहेत, आणि २०१९ च्या उन्हाळ्यात कित्येक बागा उभ्या वाळल्या. आपल्या ५४ एकरांवरही तोच पाऊस आणि खाली तेच भूजल. ज्या वर्षी गावात फळ नसेल, त्या वर्षी ते आपल्याही बागेत नसेल. अडीनडीचे ते सात दिवस नेमके अडीनडीच्या वेळीच दगा देतील.

मग काहीच घेऊ नये काय? त्या कुटुंबास मी विचारले, "बाजारात कितीही पैसे टाकले तरी मिळत नाही असे तुम्हांला काय हवे आहे?" थोडा विचार करून उत्तर आले ते कारखान्यातील रसायनवेत्त्याकडून: कडू न होणारा रस.

हा नागपुरी संत्र्याचा खरा दोष आहे. फळ सोलून खाल्ले तर गोड लागते. रस काढून ठेवला, विशेषतः तापविला, तर काही तासांत तो कडवट होतो. फळाच्या पडद्यांत आणि बियांत एक द्रव्य असते, ते मुळात कडू नसते. पेशी फुटून ते आंबट रसात मिसळले म्हणजे त्याचे लिमोनिन बनते. दहा लाख भागांत सहा-सात भाग लिमोनिन झाले तरी पुष्कळांच्या जिभेला ते कळते. त्यात नागपुरी संत्र्यात बिया फार. फळ जितके कच्चे आणि दाब जितका जोराचा, तितका कडवटपणा अधिक. राळेच्या स्तंभांतून रस नेऊन हे द्रव्य काढता येते, पण त्या यंत्रणेचा खर्च आहे. दुसरा मार्ग म्हणजे व्हॅलेन्शियासारख्या, पुरत्या पिकल्यावर कमी लिमोनिन असणाऱ्या, खास रसाच्या जाती लावणे.

पण त्या लावणार कोण? बागाईतदार म्हणतो, "पाच वर्षे झाडे सांभाळून मी तुमच्यासाठी निराळे फळ पिकवीन; ते पेटीच्या बाजारात माझ्या ओळखीच्या गिऱ्हाइकाला चालले नाही, तर सहाव्या वर्षी तुम्ही म्हणाल त्या भावाने मला द्यावे लागेल." कारखानदार म्हणतो, "मी कलमे देईन, आगाऊ रक्कम देईन. आणि एखाद्या महागाईच्या वर्षी तुम्ही फळ दुसऱ्याला विकाल." दोघांचीही भीती खरी आहे. करारपत्र हा त्यावर पुरता उपाय नव्हे. २०१९ साली पेप्सिको कंपनीने आपल्या नोंदलेल्या जातीच्या बटाट्यावरून गुजरातेतील शेतकऱ्यांवर दावे लावले. एवढी ओरड झाली की काही आठवड्यांतच ते मागे घ्यावे लागले. शेतकऱ्याला कोर्टात ओढून उद्या त्याच्याच गावात फळ घ्यावयास जाणे कोणत्याही कारखान्याला परवडत नाही.

येथे थोडी मालकी कामास येते. कारखान्यासाठी नवी जमीन न घेता कुटुंबाच्या जुन्या शेतातील बारा एकर रसाच्या जातींसाठी काढावे, असे आम्ही ठरविले. बारा एकरांत तेराशेच्या सुमारास झाडे बसतील. त्यांतून कारखान्याचे पोट भरणार नाही, आणि भरावे अशी अपेक्षाही नाही. तेथून तीन गोष्टी हव्या आहेत. एक, शेजाऱ्यांना द्यावयाच्या कलमांसाठी निरोगी डोळे. दुसरी, या काळ्या मातीत कोणती जात कोणत्या खुंटावर कशी टिकते आणि तिचा रस कोणत्या पंधरवड्यात गोड व कमी कडू असतो, याची वहीत मांडलेली माहिती. तिसरी, ती मला सर्वांत मोलाची वाटते, एकरी खरा खर्च. स्वतः झाडे न लावलेला कारखानदार भाव ठरविताना अंधारात चाचपडतो: कमी बोलला तर बागाईतदार झाडे तोडतो, अधिक बोलला तर स्वतः बुडतो. बारा एकरांची वही हाती असली म्हणजे दोघांसही मान्य होईल असा किमान भाव काढता येतो.

गावोगावच्या बागाईतदारांशी करावयाच्या करारात आम्ही फ्लोरिडाची एक रीत घेतली आहे. तेथे कारखाना फळाला वजनावर पैसे देत नाही. गाडी आली की नमुना काढून त्याचा रस काढतात, त्यातील साखर व इतर विद्राव्य द्रव्य मोजतात आणि अशा द्रव्याच्या दर पौंडामागे भाव देतात. पाणी पाजून फुगविलेल्या किंवा घाईने तोडलेल्या कच्च्या फळाला मग आपोआपच कमी पैसे मिळतात. त्यासाठी बागेचा धनी होण्याचे कारण राहत नाही. मोजण्याचे साधन, रिफ्रॅक्टोमीटर, तळहातावर मावते. प्रश्न साधनाचा नसून विश्वासाचा आहे. फ्लोरिडात ही तपासणी सरकारी देखरेखीखाली होते. आपल्याकडे मोजणारा कारखान्याचा नोकर असेल, तर बागाईतदाराने त्याच्यावर विश्वास का ठेवावा? म्हणून नमुन्याची तपासणी बागाईतदारांनी नेमलेल्या माणसासमोर व्हावी आणि त्या माणसाचा पगार निम्मा-निम्मा वाटून घ्यावा, असे करारात घातले आहे. शिवाय नव्या जातीच्या पिकापैकी सहा हिस्सेच कारखान्याला बांधलेले आहेत; उरलेले चार बागाईतदाराने हवे तेथे विकावेत. सर्व फळ बांधून घेतले असते, तर महागाईच्या वर्षी त्यातले निम्मे रात्रीतून निघून गेले असते. मोकळीक ठेवली म्हणजे उरलेला शब्द पाळला जातो, असा निदान माझा तरी अंदाज आहे.

बागाईतदारांनीच मिळून कारखाना का काढू नये, असे एका गृहस्थांनी मला येथे येण्यापूर्वी विचारले. प्रवरानगरला १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी साखरेत ते करून दाखविले. पण उसाला दुसरे गिऱ्हाईक फारसे नसते, आणि तोडलेला ऊस दूर नेला तर सुकतो. सभासदाने कारखान्याकडे यावे हे उसाच्या स्वभावातच आहे. संत्र्याला पेटीचा बाजार आहे. तेजीच्या वर्षी सभासद उत्तम फळ व्यापाऱ्याला देईल आणि मंदीच्या वर्षी सारे सहकारी कारखान्याच्या दारात ओतील. बांगलादेशाने अलीकडे आयातशुल्क वाढविले तेव्हा मंदी कशी येते, ते विदर्भाने पाहिलेच आहे. केवळ रसाचे फळ लावणारे बागाईतदार एका टापूत पुरेसे झाले, तर त्या दिवशी हा प्रश्न पुन्हा काढावा लागेल.

जमिनीसाठीच्या कर्जाचा अर्ज त्या कुटुंबाने परत घेतला आहे. त्याऐवजी घेतलेल्या लहान कर्जातून निर्जंतुक पिंपांत रस भरण्याची यंत्रणा येत आहे. हंगामात चुरी मुबलक असेल तेव्हा अधिक रस काढून साठवावा आणि बंद दिवसांत त्यातून गिऱ्हाइकांची मागणी पुरवावी, असा त्यांचा बेत आहे. बारा एकरांत गेल्या पावसाळ्यात कलमे लागली. व्हॅलेन्शिया दोन खुंटांवर लावली आहे, जंबेरी आणि रंगपूर. दोन्हींच्या रांगा शेजारी शेजारी आहेत, म्हणजे माती आणि पाणी एकच राहील. पहिली मोजण्याजोगी फळे येण्यास अजून चार वर्षे आहेत.